पोस्ट काढायची, झाकायची की समज द्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या समूहात यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा जिल्ह्यांतले कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणारे लोक आहेत. खरिपात पोस्टी इतक्या येतात की मॉडरेटरला एकेका पोस्टीवर चटकन निर्णय घ्यावा लागतो. मग "माझी काढली, त्याची का ठेवली?" हा प्रश्न रोज येतो. तो विचारायचा तुमचा हक्क आहे. म्हणून आम्ही निर्णय कसे घेतो ते इथे सविस्तर लिहितो आहोत. नव्याने मॉडरेटर झालेल्यांनीही हे आधी वाचावं.

काढणे, झाकणे आणि समज देणे यात नेमका फरक काय?

काढलेली पोस्ट समूहात कुणालाच दिसत नाही. तिच्याखालची चर्चाही तिच्याबरोबर जाते. नोंद फक्त मॉडरेटरांकडे राहते.

झाकलेली पोस्ट लिहिणाऱ्याला आणि मॉडरेटरांना दिसते. इतरांना तिच्या जागी "ही पोस्ट तपासणीसाठी झाकली आहे" अशी पाटी दिसते. खालच्या प्रतिक्रिया जागेवरच राहतात. लिहिणाऱ्याने पोस्ट दुरुस्त केली की मॉडरेटर ती पुन्हा उघडू शकतो.

समज म्हणजे लिहिणाऱ्याला खासगीत पाठवलेला संदेश. त्याने पोस्टीला काहीच होत नाही. ती जशी आहे तशी सगळ्यांना दिसत राहते. हा मुद्दा फार जण विसरतात, नवे मॉडरेटरसुद्धा. लिहिणाऱ्याला समज दिली म्हणून वाचणारा वाचत नाही, असं होत नाही.

निर्णय कशावरून घेता?

दोन प्रश्न वेगळे ठेवून. पहिला प्रश्न पोस्टीचा: ही पोस्ट पुढचे काही तास लोकांपुढे राहिली तर कुणाचं काय नुकसान होईल? दुसरा प्रश्न माणसाचा: हे त्याने कशापायी लिहिलं, आणि याआधी असं केलं होतं का?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून पोस्ट ठेवायची, झाकायची की काढायची ते ठरतं. दुसऱ्यावरून समज द्यायची का, किती कडक द्यायची आणि पुढे काही दिवस लिहिणं बंद करायचं का ते ठरतं. ही दोन उत्तरं एकमेकांवर अवलंबून नसतात. मनाने चांगल्या माणसाची पोस्ट जीवघेणी असू शकते. उलट, मुद्दाम खोडी काढणाऱ्याची पोस्ट निव्वळ कटकटीची असू शकते, तिच्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी या दोन प्रश्नांची सरमिसळ असते. "भाऊ, म्या तं लोकायच्या चांगल्यासाठीच टाकलं होतं, माह्यी पोस्ट काहून झाकली?" असं कुणी विचारतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. पण तो उत्तर देतो दुसऱ्या प्रश्नाचं. पोस्ट झाकलेली असते पहिल्या प्रश्नावरून.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

ऑगस्टमधली एक पोस्ट घेऊ. माणसाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

संध्याकाळी पावणेआठला पोस्ट आली. फोटोत धुऱ्यावर ठेवलेला पाठीवरचा पंप, बाजूला बादली आणि ओळीने मांडलेली चार औषधं. एका बाटलीवरचा लाल त्रिकोण स्पष्ट दिसत होता. फोटोखाली लिहिलं होतं की ही चारही एकाच पंपात घ्या, लेबलावर आहे त्याच्या दुप्पट घ्या, बोंडअळी आठ दिवसांत साफ होते, आणि वास फार येत नाही म्हणून तोंडाला काही बांधायची गरज नाही. लिहिणारा स्वतः शेतकरी. दुकान नाही, एजंट नाही. समूहात जुना, आणि एरवी त्याच्या पोस्टी चांगल्या असतात.

आपल्या नियमात लिहिलेलं आहे की औषधाची मात्रा लेबलापेक्षा जास्त सांगायची नाही आणि कृषी विद्यापीठाची किंवा कृषी विभागाची शिफारस नसलेलं मिश्रण सुचवायचं नाही. म्हणजे नियम मोडला यात वाद नव्हता. प्रश्न होता करायचं काय.

मॉडरेटरने आधी वेळ पाहिली. आपल्याकडे लोक जेवणं झाल्यावर मोबाइल पाहतात. सकाळी कृषी केंद्र उघडलं की औषध घेतात आणि वारा वाढायच्या आत फवारणी आटोपतात. काहींच्या घरी तर औषध आधीच आणून ठेवलेलं असतं. ते उजाडताच निघतात. म्हणजे या पोस्टीने होणारं नुकसान दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सुरू होणार होतं. नुसती समज पाठवली असती आणि त्या भाऊने ती सकाळी चहा घेताना वाचली असती, तर तोवर कुणाच्या तरी पाठीवर पंप चढलेला असता. त्यामुळे पोस्ट रात्रभर उघडी ठेवणं शक्यच नव्हतं. ती लगेच झाकली.

मग प्रतिक्रिया वाचल्या. बरेच जण "कोणत्या दुकानात मिळेल?", "एकराला किती पंप लागतील?" असं विचारत होते. पण मधेच कृषी पदवी घेतलेल्या एका मुलाने फार चांगलं उत्तर लिहिलं होतं. त्याने दाखवून दिलं की चारपैकी दोन औषधं ऑर्गॅनोफॉस्फरस या एकाच गटातली आहेत. शरीरातल्या मज्जातंतूंचं काम ज्या एका विकरावर चालतं, त्यालाच दोन्ही अडवतात. म्हणजे एकाच गटाची दोन औषधं मिसळून किडीचा बंदोबस्त काही वेगळ्या वाटेने होत नाही. फवारणाऱ्याच्या अंगात मात्र दोन्हींचं विष एकावर एक चढतं, तेही दुप्पट मात्रेचं. आणि हे विष नाकातोंडातूनच जातं असं नाही, कातडीतूनही जातं. म्हणून वास आला नाही तर धोका नाही, ही समजूत चुकीची आहे.

हे उत्तर पोस्टीपेक्षा मोलाचं होतं. मॉडरेटरने ते वेगळी पोस्ट करून वर लावलं. खाली विषबाधेची लक्षणं जोडली: खूप घाम, तोंडाला लाळ, मळमळ, चक्कर, अंधुक दिसणं, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होणं. असं काही जाणवलं तर फवारणी तिथेच थांबवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा, 108 ला फोन लावा आणि दवाखान्यात औषधाची बाटली किंवा निदान तिचं लेबल सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला गट कळतो. ज्यांनी "कुठे मिळेल" असं विचारलं होतं त्या प्रत्येकाला या पोस्टीत नावाने टॅग केलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण झाकण्यापेक्षाही गरजेचं आहे. त्या लोकांनी जुनी पोस्ट वाचलेलीच होती.

लिहिणाऱ्या भाऊला खासगी संदेश गेला. रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं. त्याला ते मिश्रण शेजारच्या गावातून कळलं होतं आणि त्याने स्वतः ते मारलंही होतं. त्याने पोस्टीतून मिश्रण आणि मात्रा काढली. आपल्या शेतात बोंडअळी किती दिसली, कामगंध सापळ्यात किती पतंग आले, एवढं ठेवलं. ती माहिती त्या आठवड्यात सगळ्यांच्या उपयोगाची होती. दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडली. पहिलीच वेळ असल्यामुळे त्याचं लिहिणं बंद केलं नाही.

इतकी धोक्याची पोस्ट सरळ काढूनच का टाकली नाही?

कारण ती काढली असती तर तिच्याखालचं बरोबर उत्तरही गेलं असतं. ज्यांनी पोस्ट वाचून मात्रा वहीत उतरवली किंवा स्क्रीनशॉट घेतला, ते पुन्हा येऊन पाहतात तेव्हा त्यांना तिथे काहीच दिसत नाही. मग आपल्याकडे हमखास बोललं जातं की औषध कंपन्यांच्या सांगण्यावरून काढली, उपाय खरा आहे म्हणून लपवतात. स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरू लागतो आणि तिथे त्याच्याखाली कुणाचंही उत्तर नसतं. झाकलेल्या पोस्टीच्या जागी पाटी राहते, कारण राहतं आणि दुरुस्तीचा दुवा राहतो.

फवारणीच्या बाबतीत आम्ही इतके काटेकोर का, हेही सांगतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला लागली होती, त्यामुळे फवारा अंगावर येत होता. दमट उकाडा होता, अंगावर संरक्षक कपडे नव्हते आणि वेगवेगळी औषधं मिसळून मारण्याची सवय पडलेली होती. यात पुष्कळ जण दुसऱ्याच्या वावरात मजुरीने फवारणारे होते. पोस्ट वाचणारा शेतमालक असतो. पंप पाठीवर घेणारा मजूर त्या समूहात नसतो आणि त्याला मिश्रण कुणी विचारूनही करत नाही. निर्णय घेताना आम्ही त्या मजुराचा विचार आधी करतो.

मग सरळ काढता कोणत्या पोस्टी?

ज्यांच्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही त्या. झाकण्याला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा चार ओळी बदलून पोस्ट परत येऊ शकते.

सर्वांत जास्त काढाव्या लागतात त्या चोरून येणाऱ्या बियाण्याच्या. मे आणि जूनमध्ये "तण मारायचं औषध मारा, पऱ्हाटीले काही होत नाही" अशा मजकुराच्या पोस्टी येतात. पाकिटावर धड कंपनीचं नाव नसतं आणि खाली मोबाइल नंबर असतो. हे तणनाशक सहन करणारं बीटी बियाणं, म्हणजे एचटीबीटी. त्याच्या लागवडीला केंद्र सरकारची मान्यता नाही, त्यामुळे विक्रीही बेकायदा आहे. घेणाऱ्याला पावती मिळत नाही. उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? आत काय भरलं आहे हेही पाकिटावरून कळत नाही. अशा पोस्टीतून विक्री वजा केली तर मागे काही राहत नाही. ती लगेच काढतो. विकणाऱ्याचं खातं आठवडाभर बंद करतो आणि दुसऱ्यांदा तसंच केलं तर कायमचं.

कुणाचं आधार कार्ड, सातबारा, बँक पासबुक यांचे फोटोही लगेच काढतो. नुकसानभरपाईच्या याद्या आल्या की लोक भाबडेपणाने हे टाकतात. इथे माणसाची चूक काहीच नसते, म्हणून समज देत नाही. फक्त फोन करून सांगतो.

म्हणजे एचटीबीटीवर बोलायचंच नाही का?

खुशाल बोला. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोटजवळच्या अकोली जहांगीर इथे शेतकऱ्यांनी जाहीरपणे हे बियाणं पेरून सत्याग्रह केला होता. मान्यता द्यावी की नाही यावर आपल्याच समूहात दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि निंदणाच्या मजुरीने मेटाकुटीला आलेल्यांचं म्हणणं ऐकायलाच हवं. मत ठेवतो, अनुभव ठेवतो. दर, नंबर आणि "इनबॉक्समध्ये या" एवढं आलं की ती विक्री होते.

मधली एक अवघड जागा आहे. मूळ पोस्ट मत मांडणारी असते आणि कुणीतरी प्रतिक्रियेत नंबर टाकतो. तेव्हा फक्त ती प्रतिक्रिया काढतो. चर्चेला हात लावत नाही. दुसऱ्याच्या कृत्यापायी मूळ लिहिणाऱ्याची पोस्ट गेली तर पुढच्या वेळी तो लिहिणार नाही.

समज देता तेव्हा नेमकं काय लिहिता?

नवे मॉडरेटर बहुतेक वेळा लिहितात, "आपली पोस्ट समूहाच्या नियमांचे उल्लंघन करते." यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणतं वाक्य चुकलं ते कळत नाही, आता काय करायचं तेही कळत नाही. वर सरकारी नोटीस आल्यासारखं वाटून माणूस धास्तावतो किंवा चिडतो. वरच्या उदाहरणातल्या भाऊला पाठवलेला संदेश साधारण असा होता:

"नमस्कार भाऊ. तुमची बोंडअळीची पोस्ट आत्ता झाकली आहे, काढलेली नाही. अडचण दोन वाक्यांची आहे: मात्रा लेबलाच्या दुप्पट सांगितली आहे, आणि तोंडाला बांधायची गरज नाही असं लिहिलं आहे. चारपैकी दोन औषधं एकाच गटाची आहेत, त्यामुळे फवारणाऱ्याला विषबाधा होऊ शकते. तुम्ही मारलं असेल तर तब्येत बरी आहे ना, ते आधी कळवा. मिश्रण आणि मात्रा काढून बाकीची माहिती ठेवली तर पोस्ट परत उघडतो. सापळ्याचे आकडे नक्की ठेवा, ते लोकांना हवे आहेत. हा निर्णय पटत नसेल तर दुसऱ्या मॉडरेटरला पाहायला सांगतो."

यात पोस्टीला काय केलं ते पहिल्याच ओळीत आहे, कारण माणूस तेच शोधत असतो. चुकलेलं वाक्य त्याच्याच शब्दांत दाखवलं आहे. पुढचा रस्ता सांगितला आहे. आणि तब्येतीची चौकशी दिखाव्यासाठी केलेली नाही. त्याने खरंच ते औषध मारलं होतं.

ज्यांना वाचणं जमत नाही त्यांना हेच बोलून, आवाजाच्या संदेशात पाठवतो. समूहातले बरेच वडीलधारे मुलाच्या किंवा नातवाच्या मोबाइलवरून लिहितात. लेखी संदेश त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

सगळ्यांसमोर समज का देत नाही? इतरांनाही कळलं असतं.

इतरांना नियम कळावा यासाठी वेगळी पोस्ट टाकता येते, तिच्यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. आपला समूह मोठा असला तरी माणसं एकाच बाजाराला जातात आणि एकाच जिनिंगच्या दारात गाड्या लावून उभी असतात. चारचौघांत नाव घेऊन सुनावलं की ते समूहापुरतं राहत नाही, बाजारात "काहून हो, तुमची पोस्ट उडवली म्हणे" असं होतं. अपमान झालेला माणूस चूक मान्य करत नाही, उलट तिच्या बाजूने भांडायला लागतो. मग फवारणीच्या मात्रेचा विषय बाजूला राहतो आणि दोन गावांचा वाद सुरू होतो.

एक अपवाद आहे. कुणी लोकांना फसवलं असेल, आगाऊ पैसे घेतले असतील, तर त्याच्या खात्याचं नाव आणि आम्ही काय केलं ते समूहात जाहीर सांगतो. तिथे इतरांना सावध करणं जास्त महत्त्वाचं.

किती वेळा समज दिल्यावर लिहिणं बंद करता?

एका हंगामात एकाच प्रकारच्या चुकीसाठी दोनदा समज, तिसऱ्यांदा पंधरा दिवस लिहिणं बंद. हंगाम बदलला की जुनी समज मोजत नाही. वेगवेगळ्या चुकांची बेरीजही करत नाही. कुणी जूनमध्ये चुकून बैलजोडीच्या विक्रीची पोस्ट भलत्या विभागात टाकली आणि सप्टेंबरमध्ये रागाच्या भरात कुणाला शिवी दिली, तर ती "दुसरी चूक" ठरत नाही.

एकदम शंभर जणांनी रिपोर्ट केलं तरी पोस्ट ठेवली. असं का?

ठराविक संख्येने रिपोर्ट आले की पोस्ट आपोआप झाकली जाते. पण ही फक्त "येऊन पाहा" अशी हाक आहे. निर्णय माणूस घेतो. रिपोर्टची संख्या लोकांना पोस्ट आवडली नाही एवढंच सांगते, नियम मोडला का ते सांगत नाही.

एका शेतकऱ्याने बोगस सोयाबीन बियाण्याची पोस्ट टाकली होती. पाकीट, लॉट नंबर, पावती आणि न उगवलेल्या तासांचे फोटो, सगळं होतं. थोड्याच वेळात रिपोर्टचा पाऊस पडला आणि पोस्ट आपोआप झाकली गेली. तपासलं तेव्हा रिपोर्ट करणारी खाती बहुतेक नवी होती, त्यांनी समूहात कधी काही लिहिलं नव्हतं, आणि सगळ्यांनी एकच कारण निवडलं होतं. काहींनी तर पोस्ट उघडूनही पाहिली नव्हती. ही ठरवून केलेली मोहीम होती. पोस्ट उघडली, पुन्हा आपोआप झाकली जाणार नाही अशी नोंद केली, आणि त्या भाऊला पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायला सांगितलं. बियाणं उगवलं नाही तर तक्रार निवारण समितीने शेत उभं असतानाच पाहणी करावी लागते. दुबार पेरणीसाठी वखर फिरवला की पुरावा गेला. अशी पोस्ट दोन दिवस झाकून राहिली तर माणसाचं खरंच नुकसान होतं. म्हणून आपोआप झाकलेल्या पोस्टी आम्ही सगळ्यांत आधी तपासतो.

कुणी निराशेत "आता जगून काय करू" असं लिहिलं तर?

ही नियमभंगाची पोस्ट नाही. तिच्यासाठी समज नाही आणि ती गुपचूप काढायचीही नाही. लिहिलेलं नाहीसं झालेलं दिसलं की त्या माणसाला वाटतं, इथेही कुणाला ऐकायचं नाही. मॉडरेटरने आधी त्याला फोन लावायचा. तो उचलत नसेल तर त्याच्या गावातल्या ओळखीच्या सदस्याला घरी पाठवायचं. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो द्यायचा, पण नंबर देऊन मोकळं व्हायचं नाही.

खाली कुणी टोमणे मारू लागलं किंवा "कर्ज काढताना कळत नव्हतं का" असं लिहू लागलं, तर त्या प्रतिक्रिया लगेच काढायच्या. माणसाशी बोलणं झाल्यावर पोस्ट झाकायची का, हे त्यालाच विचारायचं. बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांसमोर नको असते.

आत्महत्येचे फोटो किंवा चिठ्ठीचा फोटो मात्र कुणीही टाकला, कितीही हळहळ व्यक्त करून टाकला, तरी तत्काळ काढतो. त्या घरातली पोरंही मोबाइल पाहतात.

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये झाकायची सोय नाही. तिथे काय करायचं?

तिथे ॲडमिन मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, पण ॲडमिनने डिलीट केल्याचं सगळ्यांना दिसतं. म्हणजे खासगीत मिटण्यासारखी गोष्ट आपोआप चारचौघांत येते. आणि पुढे पाठवलेल्या प्रती डिलीट होत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: धोका लगेचचा नसेल तर आधी त्या माणसाला फोन करून त्यालाच डिलीट करायला सांगा. धोका लगेचचा असेल तर तुम्ही डिलीट करा आणि पाठोपाठ, काय चुकीचं होतं आणि बरोबर काय आहे, हा मेसेज टाका. नुसतं डिलीट करून गप्प बसू नका.

फेसबुक पेज चालवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिथे लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फेसबुकवरच्या मित्रांना दिसतच राहते. खेड्यात निम्मं गाव एकमेकांच्या मित्रयादीत असतं. त्यामुळे औषधाची चुकीची मात्रा तिथे लपवून भागत नाही, ती डिलीटच करावी लागते.

सदस्याने काही भलतं टाकलं तर पोलीस ॲडमिनला धरतात का?

ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी ॲडमिन दिसेल ते काढत सुटतात. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या प्रकरणात, ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, त्यात दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याचं दिसायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे घाबरून प्रत्येक कडक शब्दाची पोस्ट काढायचं कारण नाही. अर्थात ॲडमिनने स्वतः तसा मजकूर टाकला, पुढे पाठवला किंवा टाकणाऱ्याला चिथावलं तर ही ढाल कामाची नाही.

दुसरी बाजू नोंदीची आहे. काढलेली पोस्ट, ती कुणी, केव्हा आणि कोणत्या नियमाखाली काढली, हे आम्ही 180 दिवस जपून ठेवतो. माहिती तंत्रज्ञानाच्या 2021 च्या नियमांनी मोठ्या-छोट्या मंचांना काढलेला मजकूर जपण्यासाठी तोच कालावधी घालून दिला आहे, म्हणून आम्हीही तोच धरला. फसवणुकीच्या प्रकरणात नंतर हीच नोंद शेतकऱ्याच्या उपयोगाला येते.

माझी पोस्ट चुकीने झाकली असं मला वाटतं. काय करू?

आलेल्या संदेशालाच उत्तर द्या आणि "फेरविचार" एवढं लिहा. पहिला निर्णय ज्याने घेतला तो मॉडरेटर त्यात बसत नाही. दुसरा पाहतो, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातला. मॉडरेटर तुमच्या नात्यातला, तुमच्या गावचा, किंवा ज्या दुकानाबद्दल पोस्ट आहे त्या दुकानाशी व्यवहार असलेला असेल तर तसं कळवा, त्याला बाजूला ठेवतो. खरिपात फवारणीच्या आणि बियाण्याच्या पोस्टींचा फेरविचार त्याच दिवशी होतो, बाकीच्यांना दोन-तीन दिवस लागतात. तोवर तीच पोस्ट पुन्हा नव्याने टाकू नका. ती परत झाकावी लागते आणि खालच्या प्रतिक्रिया दोन ठिकाणी विखुरल्या की दुसऱ्या मॉडरेटरला पूर्ण चर्चा एका जागी वाचता येत नाही.